९२ टक्के कशाचे, हे विचारू नये

ऑनलाइन शिकवणीचा रेझ्युमे लिहायला बसलात की आधी बुकिंगची जुनी यादी बंद करा. ती उघडी राहिली, तर खरं लिहिण्याचा मोह होतो.

विषयांच्या रकान्यात फार रेंगाळू नका. 'गणित, सर्व स्तर' एवढं पुरे. 'आठवी ते दहावी, बीजगणितात अडणारी मुलं' असं लिहिलंत, तर नेमकी तीच मुलं तुमच्याकडे येतील आणि तुम्हाला ती शिकवावी लागतील.

खरी कारागिरी पुन्हा आलेल्या बुकिंगच्या आकड्यात आहे. समजा, वर्षभरात तुमच्याकडे २४ विद्यार्थी आले. १० जण पहिल्याच तासानंतर गायब झाले, १४ टिकले. आता भोळा माणूस २४ पैकी १४ म्हणजे ५८ टक्के असं लिहील आणि घरी बसेल. तुम्ही विद्यार्थी मोजूच नका, तास मोजा. वर्षात एकूण ३०० तास झाले. त्यातले २४ पहिले तास, उरलेले २७६ सगळे पुन्हा आलेले. झाले की ९२ टक्के! खोटं एक अक्षर नाही. छेद बदलला, एवढंच. आणि छेद बदलणं आपण सहावीच्या मुलांनाही शिकवतो.

त्या ३०० तासांपैकी १८० तास दोनच मुलांचे होते, हे सांगायची गरज नाही. ती दोघं सोडून गेली तर तुमचा निम्म्याहून जास्त व्यवसाय जातो, ही तुमची खासगी काळजी. रेझ्युमेत काळजीचा रकाना नसतो.

इथे एक पेच आहे, तो सांभाळा. एखादी मुलगी वर्गसमीकरणं घेऊन येते, सहा तासांत तिला ती नीट जमू लागतात, ती आभार मानते आणि जाते. तुमच्या आकड्यांच्या दृष्टीनं ही मुलगी म्हणजे नुकसान. याउलट जो मुलगा वर्षभर चिन्ह बदलायला विसरतो आणि दर मंगळवारी विसरायला परत येतो, तो तुमच्या रेझ्युमेचा आधारस्तंभ. तेव्हा 'काम झालं म्हणून थांबले' आणि 'कंटाळून थांबले' अशी वेगळी नोंद कोणी ठेवायला सांगितली, तर साफ नकार द्या. तशी नोंद ठेवली की आपण शिकवतो कसे, ते कळू लागतं.

आता निकाल. टिकलेल्या १४ जणांपैकी ५ जणांनीच आधीचे आणि नंतरचे गुण कळवले. एक ३८ वरून ७१ वर गेला. बाकीच्यांत एकाचे १५ गुण वाढले, एकाचे १२, एकाचे ४, आणि एकाचे ४ कमी झाले. सरासरी वाढ १२ गुण. चांगलीच आहे, पण सरासरी कोण वाचतं? ३८ वाला उचला. त्याचीही वाढ '३३ गुण' अशी लिहू नका. ३८ च्या हिशेबानं ती ८७ टक्के होते. '८७ टक्के सुधारणा' हे ठळक अक्षरांत, आणि शेजारी 'विद्यार्थ्यांमध्ये' असं अनेकवचन. एका मुलाला अनेकवचन लागू शकतं, आदरार्थी समजा.

तो ३८ गुणांचा पेपर त्यानं तापात दिला होता, हे मात्र विसरा. पालक शिकवणी शोधतात ती बहुधा सर्वांत वाईट पेपरनंतरच, आणि सर्वांत वाईट पेपरनंतरचा पेपर पुष्कळदा आपोआपच बरा जातो. या नैसर्गिक घटनेचं श्रेय कुणी तरी घ्यायला हवं. तुम्ही घ्या.

माझ्या ओळखीच्या एका बाई रेझ्युमेत चक्क असं लिहितात: '२४ पैकी १४ परत आले, ५ जणांचे गुण माहीत आहेत, ४ वर गेले, १ खाली. शाळेतले पेपर वेगवेगळे होते, म्हणून मी पहिल्या आणि शेवटच्या तासाला एकाच काठिण्याची स्वतःची चाचणी घेते.' असं वाचून लोक त्यांना शिकवण्या देतात, हे खरं. पण लोकांच्या आवडीनिवडीला आपण काय करणार!

प्लॅटफॉर्मच्या रकान्यात झूम, गूगल मीट, स्काइप, जे जे कधी मोबाइलवर उतरवलं ते ते टाका. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं. राहू द्या, अनुभव जुना दिसतो. त्या बाई इथेही एकच ओळ लिहितात: 'झूमवर शिकवते, दुसरा मोबाइल मुलाच्या वहीवर रोखलेला असतो, म्हणजे चूक कोणत्या पायरीला झाली ते लगेच दिसतं.' पाच लोगो लावायच्या जागी एक वही!

इतकं करूनही मुलाखतीत कुणी खवचटपणे विचारलंच, की हे ९२ टक्के नक्की कशाचे, तर घाबरू नका. तोंड अर्धवट उघडं ठेवून कॅमेऱ्याकडे बघत स्थिर बसा. पापणीही हलवू नका. नेट गेलं असं त्यांना वाटेल. फक्त मागचा पंखा आधी बंद केलेला असू द्या.