'समजलं ना, मग झालं' हे मला पटत नाही

आज एका ग्रुपवर 'मदत करणार्या सर्वांचे आभार' असं आलं. मी 'करणाऱ्या' करून दिलं, तर लगेच उत्तर, 'समजलं ना? मग झालं की!' नाही झालं. चांगल्या शिकलेल्या माणसांनी हे म्हणावं याचा मला संताप येतो.

माझ्या मावशीचं सांगते. डोळ्यांना त्रास होतो म्हणून ती बोलून लिहिते. परिच्छेदच्या परिच्छेद छान उमटतात. एखादा शब्द चुकलाच तर तो ती जुन्या कीबोर्डवर इंग्रजी अक्षरांतून टाइप करते. तसंच तिने 'दऱ्याखोऱ्यांत' लिहिलं. फोनवर अगदी बरोबर दिसत होतं. लेख एका फॉर्ममध्ये चिकटवला आणि तिथे झालं 'दर्याखोर्यांत'. डोंगरातली बाई समुद्रावर! बिचारी स्वतःलाच दोष देत बसली.

दोष तिचा नव्हताच. हा आडवा र दोन प्रकारे साठवला जातो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. दिसायला दोन्ही सारखेच. पण एखाद्या फॉर्मने ते न दिसणारं चिन्ह गाळलं की उरतो साधा र, आणि तो रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो. मावशीच्या कीबोर्डने हा दुसरा प्रकार दिला होता.

ओळखायचं कसं? शब्दाच्या शेवटी जाऊन एकेक चिन्ह खोडत मागे या. शेवटी खाली टिंब असलेला ऱ उरला तर ठीक. साधा र उरला तर तोही खोडा. मग देवनागरी कीबोर्डवर र दाबून धरा, अनेक कीबोर्डांवर तिथेच ऱ मिळतो. पुढे हलन्त, मग य, मग काना. नुसता य बदलून काही होत नाही, बिघाड र मध्ये असतो.

मावशीने बोटाने लिहूनही पाहिलं. र ची ती आडवी रेघ य पासून जरा लांब पडली की फोन तिला डॅश समजायचा. चिकटवून लिहिली तेव्हा जमलं.

घाईच्या निरोपात कोणी एवढं करत बसणार नाही, मान्य. पण आभारपत्र, पत्रिका, लेख? तिथे तरी करा ना! 'करणाऱ्या', 'येणाऱ्या', 'साऱ्या' हे शब्द एकदा नीट लिहून फोनच्या वैयक्तिक शब्दकोशात टाकले, त्यांना दोन-तीन अक्षरांचा शॉर्टकट दिला की काम झालं. मावशीच्या फोनवर मी आजच ते करून दिलं. तिला आता लिहायला भीती वाटत नाही, याचंच मला जास्त बरं वाटलं.

आणि असे फॉर्म बनवणाऱ्यांनो, ते न दिसणारं चिन्ह कचरा समजून कापू नका. मराठीत ते अक्षराचाच भाग असतं.