भोक नसलेली कुंडी आणि तळाचे खडे

"शोभेच्या कुंडीला भोक नसलं तरी काही बिघडत नाही. तळाला दोन इंच खडे आणि थोडा कोळसा टाका, वर माती भरून झाड लावा. जास्तीचं पाणी खड्यांत उतरतं, मुळं सडत नाहीत. फक्त पाणी बेताने घाला."

असा सल्ला देतात, पण तो चुकतो. आधी खड्यांचं. मातीतल्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात, खड्यांमधल्या मोठ्या फटी ते ओढून घेत नाहीत, त्यामुळे खड्यांना लागून असलेली माती पार तुडुंब होईपर्यंत पाणी खाली उतरतच नाही. भांडी घासायचा स्पंज भिजवा, आडवा धरून ठिबकणं थांबू द्या आणि मग खड्यांवर ठेवा. खडे जवळपास कोरडेच राहतात पण स्पंज दाबला की पाणी निघतं. मातीचा सगळ्यात खालचा थर असाच चिंब राहतो, भोकाच्या कुंडीतही राहतो, पण खडे टाकून तुम्ही तो दोन इंच वर आणता, म्हणजे मुळांना कोरडी जागा उलट कमी मिळते. आणि जे पाणी खरंच खाली गेलं त्याला बाहेर पडायला वाटच नाही.

कोळशाने वास थोडा कमी होईल, पाणी कुठे जाणार?

बेताने पाणी हे ऐकायला बरोबर वाटतं, पण बोअरच्या पाण्यातले आणि खतातले क्षार खालून वाहून गेलेच नाहीत तर मातीत साठत जातात, वर पांढरी पापडी येते, पानांची टोकं करपतात.

माझी पीस लिली अशाच ८ इंची सिरॅमिक कुंडीत होती, पानं माना टाकायला लागली म्हणून मी अजून पाणी घातलं, खरं तर माती ओलीच होती, पानं मुळं सडल्यामुळे पडत होती. उपटली तर मुळं तपकिरी, मऊ, साल हातात येत होती आणि घाण वास. सडकी मुळं कापली, उरलेलं झाड ६ इंची नर्सरीच्या प्लास्टिक कुंडीत लावलं आणि ती कुंडी सिरॅमिकच्या आत नुसती ठेवली. आता वरची इंचभर माती सुकली की आतली कुंडी बाहेर काढून बाथरूममध्ये नेते, खालून धार लागेपर्यंत पाणी घालते, अर्धा तास निथळू देते, मग परत आत. आत तळाला एक डबीचं झाकण उपडं ठेवलंय, चुकून थोडं पाणी राहिलं तरी कुंडीचं बूड त्यात बुडत नाही.

मोठं झाड उचलवत नसेल तर जागेवरच पाणी घाला, पण अर्ध्या तासाने दोन कुंड्यांमधल्या फटीतून मोठ्या सिरिंजला नळी लावून साचलेलं पाणी ओढून काढा, हे टाळू नका, कारण त्या अंधाऱ्या फटीत डेंग्यूचे डास अंडी घालतात आणि आठवडा-दहा दिवसांत नवीन डास बाहेर पडतात, वरून बघून काही कळत नाही. आणि पावसाळ्यात उघड्या बाल्कनीत बाहेरची कुंडी वापरूच नका, एका सरीत भरते, तेव्हा झाड नर्सरीच्या कुंडीतच राहू द्या.