शेरूच्या रिपोर्टबद्दल आमचं उत्तर

★☆☆☆☆ "शेरू दिसायला पक्का जर्मन शेफर्ड, अन् डीएनए रिपोर्टात शेफर्ड फक्त १२ टक्के, बाकी बहुतेक गावठी. त्याच्या सख्ख्या भावाच्या रिपोर्टात २१ टक्के. वरून ३ टक्के चाऊ चाऊ! बगिच्याच्या राखणीला चालेल का, तेही लिहिलं नाही. पैसे पाण्यात गेले."

नमस्कार भाऊ. दोन्ही नमुने आमच्याच क्लिनिकमध्ये घेतले, म्हणून सविस्तर लिहितो.

गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यातल्या हजारो खुणा लॅब आपल्याकडच्या ब्रीडच्या नमुन्यांशी ताडून पाहते. काळी पाठ, तांबडे पाय, उभे कान हे मोजक्याच जीन्सवर ठरतं आणि आपल्या गावठी कुत्र्यांतही दिसतं. उलट, अर्धं लॅब्राडोर असलेलं पिल्लू अगदी गावठी दिसू शकतं.

आता भावाचं. समजा आईत शेफर्डचा हिस्सा साधारण एक तृतीयांश आहे आणि बाप गावठी आहे. पिल्लांना आईचा अर्धाच डीएनए मिळतो, म्हणजे शेफर्ड सरासरी १६-१७ टक्के. पण कोणता अर्धा, हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. एकाला १२ आणि दुसऱ्याला २१ येण्यात विचित्र काही नाही. दुसरी शक्यताही आहे. माजावरची कुत्री गावात मोकळी फिरली, तर एकाच वेताच्या पिल्लांचे बाप वेगळे असू शकतात. यातलं काय घडलं, ते ब्रीडच्या टक्केवारीवरून सांगता येत नाही.

चाऊ चाऊचे ३ टक्के मात्र मनावर घेऊ नका. आपली गावठी कुत्री ब्रीडांच्या मिश्रणातून झालेली नाहीत, ती स्वतःच जुनी आहेत. लॅबकडे आपल्या भागातले नमुने कमी असले, तर न जुळणारे तुकडे ती जवळात जवळच्या ब्रीडच्या नावावर टाकते. चाऊ चाऊ हे जुनं आशियाई ब्रीड, म्हणून ते नाव निघतं. तेवढ्यावरून शेरूचा कोणी पूर्वज चाऊ चाऊ होता असं धरता येत नाही.

राखणीचं उत्तर या टेस्टमध्ये नसतंच. २०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक ब्रीडमुळे असल्याचं दिसलं. रानडुकराची चाहूल लागली की शेरू भुंकून उठवतो का, तोडणीच्या मजुरांवर धावून जातो का, हे तुम्हाला जागलीच्या वेळी आणि दिवसा बगिच्यातच पाहावं लागेल.

लॅबची फी आम्हाला परत करता येत नाही. दोघे एकाच बापाचे आहेत का, हे पाहायचं असेल तर नात्याची वेगळी टेस्ट असते. त्यांची आई गावात असेल तर तिलाही सोबत आणा, तिचा नमुना असला की निकाल जास्त पक्का येतो. नमुने घेण्याचे पैसे आम्ही लावणार नाही, फक्त लॅबची फी पडेल.