५९ टक्क्यांच्या लाल शेऱ्याबद्दल: आमची चूक कोणती आणि शेरा तरीही का राहतो

ग्राहकाचा अभिप्राय (१ तारा): «माझ्याकडे चौदा वेगवेगळ्या कंपन्या आहेत, तरी यांच्या तक्त्यात ‘वित्तीय सेवा ५९ टक्के, अतिकेंद्रित’ असा लाल शेरा. मी स्वतः हिशेब केला तर गुंतवलेल्या रकमेवर बँका २८ टक्केच येतात. विमा आणि फायनान्स कंपन्यांना बँक कुणी केले? निफ्टीचा ईटीएफ तर मुळातच विभागलेला असतो, तोही यात घुसवला. स्क्रीनशॉट पाठवून पाचशे रुपये गेले.»

स. न. वि. वि.

आपला अभिप्राय वाचल्यावर आम्ही आपल्या शेअर ॲपचे दोन्ही स्क्रीनशॉट आणि त्यांवरून आम्ही केलेला क्षेत्रवार वाट्यांचा तक्ता शेजारी ठेवून प्रत्येक ओळ पुन्हा तपासली. ५९ हा आकडा चुकीचा आहे आणि ती चूक पूर्णपणे आमची आहे. मात्र बरोबर आकडा २८ नसून ५१.५ आहे. आपल्या खात्यातील खऱ्या रकमा अशा चारचौघांत मांडणे योग्य नाही, म्हणून एकूण किंमत दहा लाख धरून त्याच प्रमाणात आकडे देत आहे. टक्केवारी आपलीच राहते.

आधी चूक कशी झाली ते सांगतो. आपल्या यादीत पंधरा ओळी आहेत, चौदा कंपन्या आणि एक ईटीएफ. मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी सात-आठ ओळीच मावतात, त्यामुळे आपण यादी खाली सरकवून दोन चित्रे काढली. पहिल्या चित्राची शेवटची ओळ HDFCBANK होती आणि दुसऱ्या चित्राची पहिली ओळही तीच. असे बहुतेक सर्वांच्या बाबतीत होते, आणि दुबार ओळ काढण्यासाठी आम्ही एक्सेलमधील Remove Duplicates वापरतो. पण दोन्ही चित्रे बाजार चालू असताना काढलेली होती आणि मधल्या मिनिटभरात भाव काही पैशांनी हलला होता. आमच्याकडे त्या चाळणीत सगळ्या रकान्यांवर खूण केलेली होती, त्यामुळे नाव आणि संख्या तीच असूनही भाव वेगळा म्हणून संगणकाने त्या दोन स्वतंत्र ओळी मानल्या. १,९०,००० रुपयांची ओळ दोनदा मोजली गेली, दहा लाखांचे जवळपास अकरा लाख नव्वद हजार झाले आणि एकाच बँकेचा वाटा १९ ऐवजी ३२ टक्के दिसू लागला.

ही चूक पकडण्याची सोपी जागा असते. ॲपच्या माथ्यावर सर्व शेअरांची आजची एकूण किंमत दिलेली असते, आणि आमच्या बेरजेशी ती जुळली पाहिजे. पाच-पन्नास रुपयांचा फरक भाव हलल्याने येतो, पण फरक एखाद्या ओळीच्या रकमेएवढा असेल तर ती ओळ दोनदा आली आहे किंवा गळली आहे असे समजावे. आपल्या पहिल्या चित्रात ती वरची पट्टी कापली गेली होती. अशा वेळी काम थांबवून आपल्याकडे नवे चित्र मागायला हवे होते. आमच्या कार्यालयाने ते न करता तक्ता पुढे पाठवला. आता चाळणीत केवळ कंपनीच्या नावावरच खूण ठेवतो, आणि माथ्याची रक्कम दिसत नसेल तर तक्ता सुरूच करत नाही. आपले पाचशे रुपये परत केले आहेत.

आता २८ टक्क्यांकडे येतो. आपण गुंतवलेली रक्कम धरली, म्हणजे साडेसात लाखांपैकी बँकांत घातलेले दोन लाख दहा हजार. हे गणित चुकलेले नाही, पण ते खरेदीच्या दिवसांचे गणित आहे. त्यानंतर आपल्या बँकांचे शेअर इतरांपेक्षा जास्त वाढले आणि त्या दोन लाख दहा हजारांचे आज तीन लाख साठ हजार झाले आहेत. उद्या भाव पडला तर तो या तीन लाख साठ हजारांवर पडणार आहे, म्हणून वाटा आजच्या किमतीवरच काढावा लागतो. तसा काढला की आपण काहीही नवीन खरेदी न करता बँका २८ वरून ३६ टक्क्यांवर गेलेल्या दिसतात. चांगले चाललेले क्षेत्र न सांगता मोठे होत जाते, आणि गुंतवलेल्या रकमेचा रकाना पाहणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

विमा आणि फायनान्स कंपन्यांना आम्ही बँक केलेले नाही. आमच्या तक्त्यातील शब्द ‘वित्तीय सेवा’ असा आहे. क्षेत्रांची नावे आम्ही मनाने देत नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या वर्गीकरणात चार पायऱ्या आहेत: सर्वांत वर १२ मोठे गट, त्याखाली २२ क्षेत्रे, मग ५९ उद्योग आणि शेवटी १९७ मूळ उद्योग. बँका, फायनान्स आणि विमा हे उद्योगाच्या पायरीवर वेगळे आहेत, पण क्षेत्राच्या पायरीवर तिघेही वित्तीय सेवांतच येतात. बजाज फायनान्सचे ८० हजार आणि एलआयसीचे ४० हजार त्यामुळे बँकांबरोबर वित्तीय सेवांच्या बेरजेत आले.

हे एकत्र धरणे कितपत योग्य, हा आपला प्रश्न मात्र रास्त आहे. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांवरील जोखीम-भार, म्हणजे त्या कर्जांमागे किती भांडवल राखायचे ते ठरवणारे माप, १०० वरून १२५ टक्के केला आणि दुसऱ्या दिवशी बँका व फायनान्स कंपन्या या दोहोंचे शेअर एकदम खाली आले. एकाच आदेशाने दोघांना धक्का बसतो, म्हणून त्यांना एका टोपलीत ठेवणे मला बरोबर वाटते. एलआयसीचा धंदा वेगळा आहे आणि त्या आदेशाशी तिचा तसा थेट संबंध नव्हता. म्हणून यापुढे तक्त्यात क्षेत्राच्या ओळीखाली उद्योगाची फोडही छापू. पण एलआयसी पूर्ण वगळली तरी आपला आकडा ४७.५ राहतो.

ईटीएफ विभागलेला असतो हे खरे, परंतु तो कशात विभागलेला आहे हे पाहावे लागते. निफ्टी ५० मध्ये सर्वांत मोठे क्षेत्र वित्तीय सेवांचेच आहे आणि त्याचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे. आम्ही तो ३५ टक्के धरला, म्हणजे आपल्या एक लाखाच्या ईटीएफमधील ३५ हजार वित्तीय सेवांत आणि ६५ हजार इतर क्षेत्रांत. ईटीएफ अख्खा वित्तीय सेवांत टाकला असता तर आपली तक्रार योग्य ठरली असती. उलट ‘ईटीएफ’ नावाचे वेगळेच क्षेत्र करून ठेवले असते तर हे ३५ हजार लपून राहिले असते. बँकांचे ३,६०,०००, फायनान्सचे ८०,०००, विम्याचे ४०,००० आणि ईटीएफमधील ३५,००० मिळून ५,१५,००० होतात; दहा लाखांत ते ५१.५ टक्के.

आपण संगणकावर हे स्वतः पडताळू शकता. E रकान्यात आजची किंमत, F रकान्यात क्षेत्र लिहावे, ईटीएफच्या ३५ आणि ६५ टक्क्यांच्या दोन ओळी कराव्यात आणि H1 मध्ये ॲपच्या माथ्यावरची रक्कम टाकावी. पहिल्या सूत्राचे उत्तर शून्याच्या जवळ आले तरच दुसऱ्याकडे जावे.

```
=SUM(E2:E17)-H1
=SUMIFS(E2:E17,F2:F17,"वित्तीय सेवा")/SUM(E2:E17)
```

बेरीज जुळली म्हणजे सर्व ठीक, असेही समजू नये. २०२५ च्या गणेशोत्सवात एचडीएफसी बँकेचा एकास एक बोनस होता. भाव निम्मा झाला, पण बोनसचे शेअर खात्यात जमा व्हायला काही दिवस जायचे होते. त्या दिवसांत काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ॲपची रक्कम आणि आमची बेरीज अगदी जुळत होती, आणि दोन्ही चुकीच्या होत्या. एखाद्या मोठ्या कंपनीत एका दिवसात पन्नास टक्के तोटा दिसला, तर बाजार कोसळला असे न मानता बोनस, शेअर विभाजन किंवा कंपनीचे विलगीकरण झाले आहे का ते आधी पाहावे.

लाल शेरा कुठल्या आकड्यावर लावावा याला वैयक्तिक गुंतवणूकदारासाठी कोणताही कायदेशीर दंडक नाही. आम्ही पूर्वी सरसकट ३० टक्क्यांवर शेरा लावत असू, पण त्या मापाने खुद्द निफ्टीच लाल ठरतो. म्हणून आता निर्देशांकातील वाट्यापेक्षा दहा टक्के-गुणांनी पुढे गेल्यावरच शेरा लावतो. वित्तीय सेवांसाठी ही रेषा ४५ वर येते, आणि ५१.५ तिच्या पुढे आहे. हे क्षेत्र वीस टक्के उतरले तर दहा लाखांतील एक लाख तीन हजार जातील, इतकाच त्या शेऱ्याचा अर्थ. मला विचाराल तर आपल्या तक्त्यात क्षेत्रापेक्षा ती १९ टक्क्यांची एकच ओळ अधिक पाहण्यासारखी आहे. म्युच्युअल फंडाच्या सर्वसाधारण इक्विटी योजनेला एका कंपनीत दहा टक्क्यांपुढे जाता येत नाही, आणि आपण त्याच्या जवळपास दुप्पट आहात.

आमच्या तक्त्याची एक मर्यादाही इथेच सांगतो, कारण ती आपल्या भागात वारंवार दिसते. निपाणीकडील तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे आयटीसीचे शेअर असले तर वर्गीकरणानुसार ते ग्राहकोपयोगी वस्तूंत जातात आणि तक्ता हिरवा राहतो. पण तंबाखूवरचा कर वाढला की त्याची पेढी आणि शेअर दोन्हींवर एकदम ताण येतो. डीमॅट खात्याबाहेरचे असे काही स्क्रीनशॉटवरून कळत नाही. तसेच काय विकावे, काय ठेवावे हे आम्ही सांगत नाही. तो सल्ला सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराकडूनच घ्यावा.

सुधारित तक्ता विनामूल्य करून देऊ. त्यासाठी दुपारी साडेतीननंतर, बाजार बंद झाल्यावर, यादीची सर्व चित्रे एकाच बैठकीत काढावीत, म्हणजे भाव सगळीकडे एकच राहील. पहिल्या चित्रात माथ्याची एकूण रक्कम पूर्ण दिसू द्यावी. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, कारण फोटो दाबला जाऊन दशांशचिन्ह आणि स्वल्पविराम एकसारखे दिसू लागतात. आपले नाव, खाते क्रमांक असलेला भाग झाकून पाठवला तरी चालेल, तो आम्हाला लागत नाही. चित्रे आल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तक्ता आपल्याकडे येईल, आणि या वेळी तो मी स्वतः ओळीओळीने जुळवीन.

आपला नम्र,
संचालक, टिळकवाडी, बेळगाव