लिंबू चोळून उन्हात बसलेली मावशी

"साठीनंतर त्वचेची चार सूत्रं. 1) रोज दुपारी 12 ते 1 खोबरेल चोळून उन्हात बसा, ड जीवनसत्त्वाची गोळी कधीच लागणार नाही. 2) सनस्क्रीन म्हणजे विष, त्यानेच कॅन्सर होतो. खोबरेल हेच निसर्गाचं सनस्क्रीन. 3) हातांवरच्या काळ्या डागांवर लिंबू चोळून उन्हात वाळवा, 7 दिवसांत साफ. 4) अंगाला खाज म्हणजे रक्त अशुद्ध. कडकडीत पाण्यात जंतुनाशक टाकून आंघोळ करा. आई-बाबांना जरूर पाठवा."

पाठवलं. माझ्या मावशीला तिच्या सुनेने पाठवलं, आणि ती सूनही बिचारी चांगल्या मनाची. म्हणून सुरुवात तिसऱ्या सूत्रापासून करते.

मावशी 74 वर्षांची. अर्धं लिंबू दोन्ही हातांच्या पाठीवर चोळलं आणि गॅलरीत मेथी निवडत बसली. त्या दिवशी काहीच झालं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा चोळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उजव्या हाताला आग आग, मनगटापासून कोपरापर्यंत लाल पट्टा आणि त्यावर ओळीने फोड. रस जसा ओघळला होता तसाच तो पट्टा, टोकाला थेंबाचा आकारसुद्धा. शेजारच्या काकूंनी नागीण ठरवून टाकली आणि वर कसलासा लेप लावला. मी त्वचा विभागात तीस वर्षं सिस्टर होते, फोटो बघितल्या बघितल्या पहिलं विचारलं, "लिंबू पिळलंस का गं?"

लिंबात, विशेषतः त्याच्या सालीत, सोरालेन जातीची द्रव्यं असतात. ती नुसती त्वचेवर असली तर काही करत नाहीत, पण त्यांच्यावर ऊन पडलं की त्वचा भाजते. कोडावर बावची लावून उन्हात बसवतात, त्यामागे हेच द्रव्य आहे. तिथे वैद्य किंवा डॉक्टर मात्रा आणि वेळ मोजून देतात आणि तरीही कधीकधी फोड येतात. मावशीने अंदाजपंचे केलं. हे भाजणं लगेच दिसत नाही. साधारण एका दिवसानंतर लाली येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरते, त्यामुळे लिंबाचा संशयच येत नाही. गॅलरीला काच होती, तरी वाचली नाही, कारण सोरालेनला जागं करणारे किरण साध्या खिडकीच्या काचेतून आत येतात. फोड आठवड्याभरात सुकले. त्या जागी उरलेला तपकिरी पट्टा मात्र महिनोन् महिने राहतो. जे डाग घालवायला निघाली ते तसेच आहेत, वर नवा हातभर डाग.

मुळात ते डाग उन्हानेच पडलेले असतात. म्हणून ते हातांच्या पाठीवर, चेहऱ्यावर दिसतात, पोटावर नाही. कशानेही चोळायची गरज नाही. बघायचं ते वेगळं: एखादा डाग वाढतोय का, कडा वेड्यावाकड्या होतायत का, खपली पडून पुन्हा रक्त येतंय का, महिना झाला तरी जखम भरत नाही का. आणि आपल्याकडे त्वचेचा घातक कॅन्सर बऱ्याचदा पायाच्या तळव्यावर किंवा नखाखाली निघतो, जिथे कोणी बघतच नाही. परवा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात याच मेसेजवर बोलायला बोलावलं होतं, तिथे सगळ्यांना चपला काढून तळवे वर करायला लावले. हसले सगळे. कुणाला वाकता येत नव्हतं, त्यांना सांगितलं, घरी आरसा खाली ठेवा.

आता खोबरेल. यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने कबूल करते. रायपूरच्या दोन संशोधकांनी 2010 साली तेलांचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून वाचवण्याची ताकद, मोजला आणि खोबरेलचा आकडा सातच्या आसपास आला. फॉरवर्डवाल्यांना तेवढंच हवं असतं. पण तो आकडा माणसाच्या कातडीवर मोजलेला नव्हता. तेल अल्कोहोल-पाण्यात विरघळवून काचेच्या नळीतून किती प्रकाश आरपार जातो ते यंत्रावर पाहिलं होतं. अंगावर ते तेल घामात, पदराला, खुर्चीच्या पाठीला जातं. आणि तो आकडा खरा धरला तरी सात म्हणजे फार नाही.

"सनस्क्रीनने कॅन्सर" याला एकच उत्तर पुरेसं आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या नॅम्बर गावात 1992 साली सोळाशेहून जास्त लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट केले. काहींना रोज सनस्क्रीन लावायला दिलं, बाकीच्यांना म्हटलं तुमच्या मर्जीने लावा. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांत स्क्वेमस प्रकारचे त्वचेचे कॅन्सर जवळपास 40 टक्के कमी निघाले. दुसऱ्या एका प्रकारात फरक पडला नाही, हेही खरं. आणि ती गोरी माणसं. आपल्या सावळ्या कातडीला हा धोका पुष्कळ कमी, हेही मान्य. पण "त्यानेच कॅन्सर होतो" हे यातून कुठूनही निघत नाही. रसायनं रक्तात जातात म्हणून भीती असेल तर झिंक ऑक्साइडचं घ्या. लावायचं तर पुरेसं: चेहरा आणि मानेला दोन बोटांवर लांब रेघ ओढून. परवडत नसेल तर छत्री, लांब बाह्या आणि काठाची टोपी यांना कुठलीच जाहिरात लागत नाही.

ऊन आणि ड जीवनसत्त्व हा भाग पूर्ण खोटा नाही, म्हणून तर तो पसरतो. आपल्याकडे ड ची कमतरता खूप आहे, आणि कोवळ्या सकाळच्या उन्हाने ते फारसं बनत नाही, हेही खरं. पण ते ज्या द्रव्यापासून बनतं तेच म्हातारपणी त्वचेत खूप कमी होतं. शिवाय ठरावीक वेळेनंतर त्वचा जास्तीचं बनवतही नाही, त्यामुळे तासभर भाजून घेतल्याने तासाभराचं मिळत नाही. रक्ताची तपासणी करून गोळी घेणं यात कमीपणा काय आहे, मला कळत नाही. आणि ज्यांच्या बीपीच्या चिठ्ठीवर हायड्रोक्लोरोथायझाइड लिहिलंय, त्यांनी दुपारी बाराचा हा प्रयोग करूच नये, त्या गोळीने ऊन जास्त बाधतं. संघातल्या एका काकांनी खिशातून पट्टी काढली, चष्मा लावला आणि तेच नाव वाचून दाखवलं.

चौथ्यावर फार वेळ घालवत नाही. वयाने त्वचेतलं तेल कमी होतं, कडकडीत पाणी आणि जंतुनाशक राहिलेलंही काढून घेतं, मग खाज वाढते. कोमट पाणी, साबण फक्त काखेत, जांघेत आणि पायांना, आणि अंग पुसून अजून ओलसर असताना लगेच तेल किंवा व्हॅसलीन. इथे खोबरेल खरंच कामाचं आहे. तळव्यांना मात्र बाथरूममध्ये लावू नका, बेडवर बसून लावा, फरशीवर घसरून मांडीचं हाड मोडलेल्या किती जणी मी बघितल्यात. खाज रात्रीच वाढत असेल आणि घरात दुसऱ्यालाही येत असेल तर ती खरूज असू शकते. पुरळ नसताना आठवडेच्या आठवडे अंगभर खाज राहिली तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड तपासायचं असतं.

मावशी आता लांब बाह्यांचं ब्लाउज घालते. विचारलं तर म्हणते, थंडी वाजते. मे महिना चालू आहे.