टॅक्सला वाली कोण?

आसोद्याच्या शेतात भरीत पार्टी असली की हिशोब सोपा असतो. वांगी शेतवाल्याची, पऱ्हाट्या फुकटच्या, तेल-मिरची ज्याचा पगार झाला त्याची. असल्या अर्थशास्त्रावर पोसलेले आम्ही चौघं जळगावकर न्यूयॉर्कला एका हॉटेलात जेवलो. ते बिल आम्हाला अजून पचलेलं नाही.

जेवण झालं १२० डॉलरचं. तिथे मेनूकार्डावरच्या किमतीत टॅक्स नसतो, तो बिलात खाली येऊन बसतो. न्यूयॉर्कचा दर ८.८७५ टक्के, म्हणजे १० डॉलर ६५ सेंट. त्याच्याखाली टिपेची रिकामी ओळ. टिप काढायची ती जेवणाच्या रकमेवर. अठरा टक्क्यांनी २१.६० झाली आणि सगळं मिळून १५२.२५.

पण वेटरने पुढे धरलेल्या मशीनवर अठरा टक्क्यांपुढे २३.५२ दिसत होते. आप्पाचं आयुष्य मार्केट यार्डात गेलेलं, त्याने लगेच पकडलं. मशीनने टॅक्स धरून टिप काढली होती! फरक १ डॉलर ९२ सेंटचा. "सरकारले बी टिप देवानी का?" आप्पा एवढ्या मोठ्याने म्हणाला की शेजारच्या टेबलावरचे दोघे घाबरून आपलं बिल तपासू लागले.

खरा तमाशा पुढेच. प्रत्येकाने आपल्या ताटाचे पैसे आणि त्यावर अठरा टक्के असे टेबलावर ठेवले. बापू माळकरी, त्याने फक्त २४ डॉलरचा पास्ता खाल्लेला, त्याने २८.३२ मोजले. आम्ही तिघांनी ३२-३२ चे मासे हाणलेले, म्हणून प्रत्येकी ३७.७६. बेरीज १४१.६०. १०.६५ कमी! चौघंही आपापल्या जागी प्रामाणिक, त्यामुळे चौघांचाही एकमेकांवर संशय. टॅक्स कुणाच्याच ताटात नव्हता, म्हणून तो कुणीच दिला नव्हता.

"सरळ चार भाग करा," मी म्हटलं. म्हणजे प्रत्येकी ३८.०६. बापूच्या कपाळावरचा टिळा आक्रसला. "तुम्ही मासे खायचे आन् मी पैसे भरायचे?"

तेव्हा बँकेतून रिटायर झालेल्या नानाने कागदी रुमाल ओढला. १५२.२५ भागिले १२०, उत्तर १.२६८७५. आपापल्या जेवणाला याने गुणा. टॅक्स आणि टिप दोन्ही आपोआप ज्याच्या-त्याच्या वाट्याला. बापूचे ३०.४५, बाकीच्यांचे ४०.६० आणि बेरीज सेंटाला सेंट बरोबर. बापूने रुमालाला हात जोडले.

शेवटी सगळं बिल नानाच्या कार्डावर गेलं आणि टेबलावरचे डॉलर ज्याचे त्याच्या खिशात. आम्ही नानाला घरी येऊन रुपयांत द्यायचं ठरलं. बापूने दिले, मीही दिले. आप्पाने मात्र विचारलं, "रेट कोणत्या दिवसाचा, जेवलो त्या की देतो त्या?" नानाने कार्डाचं स्टेटमेंट दाखवलं, त्यात बँकेचा परदेशी चलनाचा आकार वेगळाच निघाला. तो जेवणावर, टॅक्सवर की टिपेवर, याचा निकाल लागेपर्यंत आप्पाचं एकच म्हणणं आहे: "डॉलर उतरू दे भो, मंग देतो."