ऑप्शन विकत घेण्याआधी थीटाला डेल्टाने भागा

"निफ्टी वर गेला, मग माझा कॉल खाली कसा?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. बहुतेकांना वाटतं, कोणीतरी प्रीमियम मुद्दाम पाडला. उत्तर बहुतेक वेळा ऑप्शन चेनच्या शेजारी दिसणाऱ्या दोन आकड्यांत असतं.

एक उदाहरण घेऊ. निफ्टी 25,000 वर आहे, बुधवारची संध्याकाळ आहे आणि एक्सपायरी पुढच्या मंगळवारी, म्हणजे 6 दिवसांवर. व्होलॅटिलिटी 12 टक्के धरली आणि व्याज सोडून दिलं, तर 25,200 चा कॉल साधारण 74 रुपयांना येतो. त्याचा डेल्टा 0.30, म्हणजे निफ्टी एक पॉइंट वर गेला की प्रीमियम 30 पैशांनी वाढतो. थीटा उणे 11, म्हणजे बाकी काही न बदलता एक दिवस सरला की 11 रुपये गेले.

शुक्रवारी संध्याकाळी निफ्टी 25,060 वर बंद झाला. डेल्टाने सुमारे 18 रुपये दिले, दोन दिवसांच्या थीटाने 22 नेले. हिशेबाने 70 उरायला हवेत, प्रत्यक्षात 68 च्या आसपास उरतात, कारण मधल्या काळात थीटाच 11 वरून 14 वर गेलेला असतो. दिशा बरोबर, तरी तोटा. निफ्टी तिथेच राहिला तर सोमवारी संध्याकाळी या कॉलचे जेमतेम 16 रुपये उरतील.

म्हणून माझा आग्रह आहे की ऑर्डर टाकण्याआधी थीटाला डेल्टाने भागा. 11 भागिले 0.30, म्हणजे जवळपास 37. निफ्टी रोज 37 पॉइंट चढला तर तुम्ही आहात तिथेच राहता, नफा त्याच्या पुढे.

आता "स्वस्त" म्हणून सगळे ज्यावर तुटून पडतात तो 25,500 चा कॉल बघा. किंमत 18 रुपये, डेल्टा 0.10, थीटा साडेपाच. भागाकार 55! आणि 153 रुपयांचा महाग वाटणारा 25,000 चा कॉल? डेल्टा 0.50, थीटा 13, भागाकार फक्त 26. स्वस्त कॉलला रोज दुपटीहून जास्त चाल लागते. हे नवशिक्यांना कोणी सांगत नाही, याची मला मनापासून चीड येते.

हा भागाकार छोट्या चालीपुरताच खरा आहे. निफ्टी एका दिवसात 300 पॉइंट उसळला तर डेल्टा वाटेतच वाढत जातो आणि घेणाऱ्याला अंदाजापेक्षा जास्त मिळतं. उलट बजेट किंवा रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणानंतर व्होलॅटिलिटी कोसळली, तर प्रीमियम या दोन आकड्यांच्या हिशेबापेक्षा जास्त पडतो. अशा दिवशी वेगाही बघावा लागतो, म्हणजे व्होलॅटिलिटी एक टक्का बदलली की प्रीमियम किती हलतो तो आकडा. आणि भागाकार रोज नव्याने करा. आपल्या उदाहरणात शुक्रवारी तो 42 च्या पुढे गेलेला असतो.